फोटो कापून पाठवू नका, मूळ फोटो पाठवा

“बॅकग्राउंड आम्हीच काढलंय, तुम्ही फक्त कडा साफ करून द्या.” विक्रीच्या वस्तूंच्या फोटोंचं बॅकग्राउंड काढून देणं हे आमचं काम, आणि दिवाळीच्या आधी हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. आपला हेतू चांगला असतो, आमचं काम आणि आपले पैसे दोन्ही वाचावेत. प्रत्यक्षात असा फोटो आला की आम्हाला आपल्याला फोन करून मूळ फोटो मागावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा मोबाइलमधून उडालेला असतो.

परवाचंच उदाहरण घ्या. राजवाड्याजवळच्या एका दुकानातून पितळी लामणदिव्याचा फोटो आला. हिरव्या पडद्यासमोर काढलेला, मोबाइलच्या ॲपने कापलेला आणि पांढऱ्यावर ठेवून जेपीजी केलेला. छोट्या स्क्रीनवर तो ठीक दिसत होता. मोठा करून पाहिला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. साखळीच्या अर्ध्या कड्यांची भोकं बुजली होती, आणि दिव्याच्या कडेने हिरवट रेघ फिरत होती.

ती रेघ येते कुठून? वस्तूची कड फोटोत चाकूने कापल्यासारखी नसते. अगदी कडेच्या एक-दोन पिक्सेलमध्ये थोडं पितळ आणि थोडा पडदा असे दोन्ही रंग मिसळलेले असतात. ॲप ते पिक्सेल वस्तूबरोबर ठेवतं, म्हणून मागचा रंग चिकटून येतो. मागे पांढरी भिंत असेल तर पांढऱ्या लिस्टिंगवर हा दोष लपतो. पण तोच कटआउट दिवाळीच्या मरून बॅनरवर ठेवला की भोवती पांढरी किनार उठून दिसते.

आम्ही काहीच खोडत नाही. आधी पेन टूलने दिव्याच्या कडेला धरून रेषा आखतो, साखळीच्या प्रत्येक कड्याचं भोक वेगळं आखतो, त्याचं सिलेक्शन करतो आणि त्यावरून लेयरला मास्क लावतो. मास्कमध्ये पांढरा भाग दिसतो, काळा झाकला जातो, करडा अर्धवट दिसतो. कुठे चुकलं तर पांढऱ्या ब्रशने झाकलेला भाग परत येतो, कारण मूळ फोटो खाली शाबूत असतो. कापलेल्या जेपीजीत परत आणायला खाली काही उरलेलंच नसतं.

मग मागे एकदा गडद आणि एकदा पांढरा थर ठेवून कड तपासतो. रेघ दिसली तर धातूसारख्या कडक कडेसाठी मास्क एक पिक्सेल आत घेतो. साडीच्या गोंड्यांना हे चालत नाही, धागेच गायब होतात. तिथे फोटोशॉपच्या `Select and Mask` मधलं `Decontaminate Colors` वापरून कडेचा रंग बदलतो.

फोटो मोठा का हवा, तेही इथेच कळतं. मूळ फोटोत साखळीची तार १२ पिक्सेल जाड असेल, तर दोन्ही बाजूंनी एकेक पिक्सेल गेल्यावर १० उरतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्याने तीच तार ५ पिक्सेलची झाली असेल तर उरतात ३, आणि साखळी दोऱ्यासारखी दिसते. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

एक गोष्ट मात्र मास्कनेही होत नाही. पितळ आरशासारखं असतं, हिरवा पडदा त्याच्या पोटातही दिसतो. तो वस्तूच्या आतला रंग आहे, वेगळा रंगवून काढावा लागतो आणि त्याचा खर्च निराळा. फिकट करड्या कार्डशीटसमोर फोटो काढलात तर हा खर्च वाचेल. एकदम पांढरी शीट नको, चकाकणारी कड तिच्यात हरवते.

साध्या डब्याचे ३० रुपये आणि लामणदिव्याचे १२० का, असं विचारलं जातं. डब्याला एकच बाहेरची रेषा असते. या दिव्याच्या साखळीला २६ कड्या होत्या, म्हणजे २६ भोकं हाताने आखायची. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोला शुद्ध पांढरं, म्हणजे २५५, २५५, २५५ बॅकग्राउंड लागतं आणि वस्तूने ८५ टक्के चौकट भरावी लागते. ते याच दरात बसवून देतो.

लामणदिव्याचा मूळ फोटो दुकानातल्या दादांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये सापडला, म्हणून काम दुसऱ्या दिवशी झालं. सापडला नसता तर दिवा पुन्हा टांगून फोटो काढावा लागला असता.

मास्कसकट फाइल आम्ही वर्षभर जपून ठेवतो. लिस्टिंगचा फोटो आमच्याकडून झाला असेल तर बॅनरसाठी पारदर्शक पीएनजी मागा, त्याचे वेगळे पैसे नाहीत.