त्याच व्हिडिओची त्याच व्हिडिओशी स्पर्धा

छोट्या व्हिडिओच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांना ते बनवणारी मंडळी ‘हुक’ म्हणतात. बोट वर सरकवून पुढे जायला निघालेल्या प्रेक्षकाला तेवढ्या वेळात अडकवायचे असते, म्हणून हा शब्द चपखल बसतो. मूळ व्हिडिओ तसाच ठेवायचा, त्याला तीन-चार निरनिराळ्या सुरुवाती जोडायच्या, सगळ्या प्रती प्रकाशित करायच्या आणि जी जास्त पाहिली गेली ती सुरुवात चांगली ठरवायची, ही पद्धत आता सर्रास वापरली जाते. सुरुवाती तयार करण्याचे काम एका दुपारी उरकते. निवाडा करताना मात्र अनुभवी माणसेही घसरतात, कारण समोर दिसणारा फरक हुकमुळे पडला की निव्वळ योगायोगाने, हे आकड्यांच्या तोंडावर लिहिलेले नसते.

एक उदाहरण घेऊ. सायकलची चेन झिजली आहे का, हे साध्या पट्टीने कसे ओळखावे, असा ४५ सेकंदांचा व्हिडिओ आहे. नव्या चेनमध्ये लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती एक सोळांश इंचाने वाढली की चेन बदलण्याची वेळ आलेली असते. या व्हिडिओसाठी तीन हुक केले. ‘क’ हा प्रश्न आहे: “गिअर बदलताना कटकट आवाज येतो का?” ‘ख’मध्ये बोलणे नंतर येते, आधी पट्टीचे जवळून घेतलेले दृश्य दिसते आणि शेवटची पिन १२ च्या रेघेपुढे गेलेली असते. ‘ग’ भीती घालतो: “ही चेन तुमची सायकल आतून खात आहे!” तिन्ही हुक एकाच वाक्याची शब्दरचना बदलून केलेले नाहीत, त्यांच्यामागच्या कल्पनाच वेगळ्या आहेत, आणि हे मुद्दाम केले आहे. दोन शब्द इकडचे तिकडे केल्याने पडणारा फरक इतका बारीक असतो की तो मोजण्याइतके प्रेक्षक सहसा मिळत नाहीत.

बाकी सगळे मात्र समान हवे. तिन्ही हुक नेमके तीन सेकंदांचे, चौथ्या सेकंदापासून पुढची चित्रफीत तीच, आवाजाची पातळी तीच आणि खालचा मजकूरही तोच. हा काटेकोरपणा निरर्थक नाही. एक हुक दोन सेकंदांचा आणि दुसरा चार सेकंदांचा असेल, तर ‘तीन सेकंदांनंतर किती जण टिकले’ हा आकडा एका प्रतीत हुक संपल्यानंतरची स्थिती सांगतो आणि दुसऱ्या प्रतीत हुकच्या मधली. तुलना तिथेच बिघडते.

आता असे धरू की प्रत्येक प्रत २,००० पडद्यांवर सुरू झाली. तीन सेकंदांपुढे ‘क’ १,००० जणांनी पाहिली, ‘ख’ १,०८० जणांनी आणि ‘ग’ १,२४० जणांनी. म्हणजे अनुक्रमे ५०, ५४ आणि ६२ टक्के. इथेच थांबलो तर भीती घालणारा हुक सहज जिंकला. पण शेवटपर्यंत कोण पोहोचले ते पाहिले, तर चित्र उलटे होते: ‘क’चे ४००, ‘ख’चे ५०० आणि ‘ग’चे फक्त ३८०. ‘ग’ने जास्त माणसे आत आणली खरी, परंतु आत आल्यावर त्यांना सायकलच्या नाशाऐवजी एक पट्टी दिसली आणि ती निघून गेली. हुकने दिलेले वचन व्हिडिओने पाळले नाही, की आलेख असाच चौथ्या-पाचव्या सेकंदाला कोसळतो. प्रेक्षक कोणत्या क्षणी सोडून गेले हे दाखवणारा हा आलेख यूट्यूबसारख्या बहुतेक मंचांवर उपलब्ध असतो, आणि एकूण ‘व्ह्यूज’च्या आकड्यापेक्षा तो कितीतरी जास्त बोलका असतो.

इथे एक बारकावा आहे. ‘थांबलेल्यांपैकी किती जणांनी शेवटपर्यंत पाहिले’ असा हिशेब करण्याचा मोह होतो, पण तो फसवा आहे. प्रत्येक हुक वेगळ्या स्वभावाच्या माणसांना थांबवतो. अगदी कंटाळवाणा हुक फक्त हाडाच्या सायकलवेड्यांनाच थांबवेल आणि ते शेवटपर्यंत बसतील, त्यामुळे त्याचे प्रमाण छान दिसेल. म्हणून भागाकार नेहमी ज्यांच्या पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला त्या सगळ्यांच्या संख्येने करावा. आपल्या उदाहरणात ही संख्या तिन्ही प्रतींसाठी २,००० आहे, आणि शेवटपर्यंत पाहणाऱ्यांचे प्रमाण २०, २५ आणि १९ टक्के येते.

हे फरक खरे मानायचे का? नाणे २,००० वेळा उडवले तर छापा बरोबर १,००० वेळा पडत नाही, आणि प्रेक्षकांच्या आकड्यांतही अशीच नैसर्गिक हेलकाव्याची जागा असते. दर प्रतीला २,००० प्रेक्षक असताना, निम्म्याच्या आसपासच्या दोन प्रमाणांमधल्या फरकात निव्वळ योगायोगाने सुमारे दीड टक्क्याची चलबिचल नेहमीची मानावी, आणि तीन टक्क्यांहून मोठा फरक क्वचितच योगायोगाने पडतो. ‘क’ आणि ‘ख’ यांच्यात तीन सेकंदांना चार टक्क्यांचे अंतर आहे, म्हणजे त्याची दखल घ्यायला हरकत नाही. शेवटच्या टप्प्यावर प्रमाणे लहान असल्यामुळे ही चलबिचल आणखी थोडी कमी असते, त्यामुळे तिथले पाच टक्क्यांचे अंतर जास्त भरवशाचे आहे, तर ‘क’ आणि ‘ग’ यांच्यातला एक टक्का सोडून द्यावा. हेच आकडे २०० प्रेक्षकांवर आले असते, तर पहिली चलबिचलच पाच टक्क्यांची झाली असती आणि चार टक्क्यांच्या आघाडीला काही अर्थ उरला नसता. ५० आणि ५४ मधला फरक बहुतेक वेळा पकडता यावा अशी इच्छा असेल, तर प्रत्येक प्रतीला साधारण २,५०० प्रेक्षक लागतात; ५० आणि ५२ मधला पकडायचा असेल तर १०,०००. फरक निम्मा झाला की प्रेक्षक चौपट लागतात, आणि शब्दांच्या किरकोळ फेरबदलांची चाचणी म्हणूनच परवडत नाही.

यात दोन खोडी नकळत होतात. पहिली म्हणजे दर तासाला आकडे पाहणे आणि आपला आवडता हुक पुढे दिसला की तिथेच चाचणी संपवणे. आघाडी मागेपुढे होतच असते, त्यामुळे वारंवार डोकावणाऱ्याला हवा तो निकाल कधी ना कधी सापडतो. त्यावर उपाय एवढाच की किती प्रेक्षकांवर थांबायचे ते आधी लिहून ठेवावे. दुसरी खोड दहा-दहा हुक करण्याची आहे. दहा प्रतींच्या ४५ जोड्या होतात, आणि सगळे हुक सारखेच असले तरी त्यातला एखादा ठळकपणे वर दिसणारच. तीन-चार हुक पुरेत, असे माझे मत आहे.

मात्र इथवरचा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: कोणत्या प्रेक्षकाला कोणती प्रत दिसावी हे चिठ्ठ्या टाकून ठरले, आणि एकाच्या वागण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. साध्या पद्धतीने तीन प्रती प्रकाशित केल्या, तर यातले काहीच खरे नसते. मंच आधी थोड्या लोकांना व्हिडिओ दाखवतो, त्यांचा प्रतिसाद पाहतो आणि त्यावरून पुढच्या गटाकडे नेतो किंवा नेत नाही. पहिल्या काहीशे जणांत योगायोगाने चार सायकलवेडे जास्त आले, तर ती प्रत पुढे ढकलली जाते आणि अंतर वाढत जाते. गंमत म्हणजे पुढे गेलेली प्रत विषयाशी संबंध नसलेल्या लोकांपर्यंत पोहोचते, आणि तिचे टक्के त्यामुळेच घसरू शकतात. शिवाय तिसरी प्रत येईपर्यंत नेहमीच्या प्रेक्षकांनी तोच व्हिडिओ दोनदा पाहिलेला असतो.

योगायोगाचा हा गुणाकार किती मोठा असू शकतो, हे २००६ साली मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. त्यांनी ४८ अपरिचित गाणी १४,००० हून अधिक लोकांपुढे ठेवली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना एकमेकांपासून अलग अशा आठ गटांत वाटले. प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटातल्या डाउनलोडचे आकडे दिसत. गाणी तीच असूनही प्रत्येक गटातली क्रमवारी वेगळी आली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सुमार गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचे काहीही होऊ शकत होते. आपले बहुतेक हुक या मधल्यांतच मोडतात.

म्हणून ‘क’ची तुलना ‘ख’शी करण्याआधी ‘क’ची तुलना ‘क’शीच करून पाहावी. तोच हुक, तोच व्हिडिओ, दोन वेगळ्या वेळी. दोन्ही प्रतींत तीन सेकंदांचे प्रमाण समजा ४७ आणि ५५ आले, तर त्या मंचावर, त्या खात्यापुरती, आठ टक्क्यांची तफावत काहीही न बदलता पडते हे कळते, आणि मग ‘ख’चे ५४ टक्के पाहून उडी मारण्याचे कारण उरत नाही. ही चाचणी कंटाळवाणी असल्यामुळे फार थोडे लोक करतात.

प्रेक्षक विभागून देणारी साधने काही ठिकाणी आहेत, पण ती काय मोजतात ते पाहून घ्यावे. यूट्यूबवर एका व्हिडिओसाठी तीन लघुचित्रांची, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्रांची, चाचणी घेता येते. तिचा निकाल क्लिकवर नव्हे, तर पाहण्याच्या वेळेवर लागतो, आणि आपल्या ‘ग’ हुकची गोष्ट लक्षात घेता ते योग्यच वाटते. पण ती चाचणी लघुचित्राची असते, पहिल्या तीन सेकंदांची नव्हे. जाहिरातींच्या चाचण्यांत प्रेक्षक विभागले जातात, तरी प्रत्येक भागात कोणाला जाहिरात दाखवायची हे पुन्हा यंत्रणाच निवडते, त्यामुळे दोन हुक दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांसमोर जाऊ शकतात. मोजमापाची व्याख्याही बदलते: ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्समध्ये व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, म्हणून त्याआधीच्या आणि नंतरच्या व्ह्यूजची तुलना करता येत नाही.

विभागणीचे साधनच नसेल, तर प्रयोगाचे एकक बदलावे लागते. मोजायचा एक नग म्हणजे एक प्रेक्षक असे न मानता एक व्हिडिओ असे मानावे. सहा वेगवेगळे व्हिडिओ घ्यावेत, प्रत्येकाची एक प्रत प्रश्नाच्या हुकची आणि एक दृश्याच्या हुकची करावी, आणि कोणती प्रत आधी प्रकाशित करायची ते दर वेळी नाणे उडवून ठरवावे. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या २,००० प्रेक्षकांपैकी किती जणांनी शेवटपर्यंत पाहिले तेवढेच मोजावे. सहा जोड्यांत प्रेक्षकांची प्रचंड संख्या जमली, तरी पुरावा सहा नगांचाच धरावा. दोन्ही प्रकार सारखेच असतील, तर दृश्याचा हुक सहाही वेळा जिंकण्याची शक्यता ६४ मध्ये एक आहे, आणि निदान पाच वेळा जिंकण्याची ६४ मध्ये सात, म्हणजे जवळपास नवातून एक. सहापैकी पाच हा निकाल ऐकायला भक्कम वाटतो, पण तो आल्यावर आणखी चार-पाच व्हिडिओ त्याच पद्धतीने करणेच बरे.