रेल्वेने सायकल नेणे (लगेज, पार्सल आणि ब्रेकव्हॅन)

भारतीय रेल्वेत सायकल किंवा तसलंच मोठं, अवजड सामान न्यायचं असेल तर ते प्रवासी डब्यात न ठेवता गाडीच्या सामानडब्यात चढवतात, आणि ते दोन प्रकारे बुक होतं: लगेज म्हणून किंवा पार्सल म्हणून. वस्तू तीच, डबा पण बऱ्याचदा तोच, पण कागद वेगळा, आणि पुढचं सगळं त्या कागदावर ठरतं. लगेज म्हणजे तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट आहे आणि सामान तुमच्याबरोबर त्याच गाडीने जाणार. पार्सल म्हणजे सामान एकटं जाणार, जागा मिळेल त्या गाडीने, मग ते आज पोचेल किंवा दोन दिवसांनी. खूप जण पार्सल ऑफिसच्या खिडकीवर "सायकल पाठवायचीये" असं म्हणतात आणि तिथेच घोळ होतो, कारण "पाठवायची" म्हटलं की बाबू पार्सलचा फॉर्म पुढे सरकवतो. तिकीट दाखवून "याच गाडीने मी पण जातोय, लगेजमध्ये बुक करायचीये" असं पहिल्या वाक्यात सांगावं.

आता ही खिडकी कुठे असते. तिकीट खिडकीवर किंवा आरक्षण केंद्रात हे काम होत नाही, तिथे रांगेत उभं राहून वेळ जातो फक्त. पार्सल ऑफिस बहुतेक ठिकाणी मुख्य इमारतीच्या एका टोकाला असतं, एक नंबर प्लॅटफॉर्मच्या कडेला, आणि त्याला रस्त्याच्या बाजूने टेम्पो येतील असं वेगळं गेट असतं. बाहेर हातगाड्या, गोणपाटात शिवलेले गठ्ठे आणि मोठा वजनकाटा दिसला की समजायचं आलो. मोठ्या स्टेशनवर लगेजची खिडकी वेगळी असते, छोट्या स्टेशनवर एकच माणूस दोन्ही बघतो. जाणारं सामान आणि आलेलं सामान यांच्या खिडक्या पण कधी कधी वेगळ्या असतात, त्यामुळे कुठल्या रांगेत उभे आहोत ते आधी विचारलेलं बरं. नियमाप्रमाणे लगेज गाडी सुटायच्या किमान ३० मिनिटं आधी द्यायचं असतं, पण सायकलला प्रत्यक्षात दीड-दोन तास हातात ठेवावेत, कारण पॅकिंग, वजन, पावती आणि मग प्लॅटफॉर्मपर्यंत नेणं यातलं प्रत्येक काम वेगळा माणूस करतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो आणि सेकंड क्लासला ३५ किलो सामान फुकट नेता येतं, म्हणून पंधरा किलोची सायकल त्यात बसेल असं वाटतं. तसं नसतं, सायकल-स्कूटरसारख्या वस्तूंना ही सूट लागू होत नाही, पूर्ण आकार भरावा लागतो. डब्यात न्यायच्या पेटी-बॅगेला मापाची मर्यादा पण आहे, साधारण १०० × ६० × २५ सेंटिमीटर, म्हणून घडीची सायकल बॅगेत घालून सीटखाली ठेवायची असेल तर घरीच टेप लावून बघा, जाडीला बऱ्याच सायकली अडकतात.

सामानडब्याला लोक ब्रेकव्हॅन, लगेज व्हॅन किंवा एसएलआर म्हणतात. एसएलआर हा पूर्ण मालडबा नसतो, त्यात थोडी सेकंड क्लासची बसायची जागा, गार्डची केबिन आणि सामानाचे कप्पे असं सगळं एकत्र असतं (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण प्लॅटफॉर्मवर अजून गार्डच चालतं). जुन्या निळ्या गाड्यांना तो सहसा दोन्ही टोकांना असतो. नव्या एलएचबी गाड्यांना त्या जागी बऱ्याचदा जनरेटरचा डबा असतो आणि त्यातच सामानाचा छोटा कप्पा. वंदे भारतसारख्या गाडीला असा डबाच नाही, म्हणून आधी गाडी बघून मग तिकीट काढावं.

शेवटचा डबा ओळखायला सोपी खूण म्हणजे मागच्या बाजूला रंगवलेली मोठी फुली. पण फक्त टोक सापडून भागत नाही. काही कप्पे रेल्वेने खाजगी ठेकेदारांना लीजवर दिलेले असतात, त्यांना कुलूप आणि सील असतं आणि तुमची पावती तिथे चालत नाही. म्हणून पावती घेतानाच विचारायचं: पुढच्या एसएलआरला की मागच्या? २०-२२ डब्यांच्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल ढकलत जायला दहा मिनिटं सहज लागतात.

एक उदाहरण घेऊ. गाडी संध्याकाळी ७.३० ला सुटणार, तुम्ही सकाळी ६ ला मधल्या एका जंक्शनवर उतरणार. साडेपाचला पार्सल ऑफिसला पोचलात. आधी सायकलवरचं सुटं सगळं काढायचं, बाटली, लाइट, पंप, कारण ते पावतीवर नसतं आणि वाटेत पडलं तर कोणाला विचारणार. पेडल काढून हँडल आडवं फिरवायचं, मागच्या गिअरभोवती आणि फ्रेमला गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधायचं. गिअरची बाजू वर राहील असं लिहून ठेवा, सायकलवर गठ्ठे पडले की पहिल्यांदा तोच वाकतो. नाव, फोन, कुठून-कुठे आणि गाडी नंबर मार्करने दोन ठिकाणी. मग फॉर्म, तिकीट आणि ओळखपत्र दाखवून वजन, आणि लगेज तिकीट हातात. किंमत न सांगता बुक केली तर नुकसानभरपाई वजनाच्या हिशोबाने मिळते, ती महागड्या सायकलला अगदीच तुटपुंजी पडते, त्यामुळे किंमत जाहीर करून जादा आकार भरायचा का हे इथेच ठरवायचं.

पैसे भरायच्या आधीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे त्या जंक्शनवर गाडी किती वेळ थांबते. दोन मिनिटांच्या थांब्यावर सायकल उतरवता येत नाही, साधारण पाच मिनिटं तरी लागतात, आणि म्हणून अशा स्टेशनचं बुकिंग बाबू नाकारतो, ते आडमुठेपणा म्हणून नाही. तेव्हा पुढच्या मोठ्या स्टेशनपर्यंत बुक करून तिथून चालवत मागे येणं जास्त सोपं.

पावती मिळाली म्हणजे सायकल चढली असं नाही. सव्वासातला स्वतः ब्रेकव्हॅनपाशी जाऊन ती आत गेलेली डोळ्यांनी बघा आणि गार्डला सांगा की सकाळी अमुक स्टेशनला उतरवायचीये, म्हणजे ती आत कोपऱ्यात न जाता दाराजवळ राहते. डबा भरला म्हणून राहिली असेल तर ते गाडी सुटायच्या आधी कळलं पाहिजे, तरच पार्सल ऑफिसला पुढच्या गाडीने पाठवायची नोंद करून घेता येते. सकाळी स्टेशन यायच्या आधीच सामान आवरून दारात उभं राहायचं, उतरल्याबरोबर सायकलच्या टोकाकडे चालायला लागायचं, आणि लगेज तिकीट दाखवून ताबा घ्यायचा. पार्सल असतं तर मात्र दारातून मिळालं नसतं, आवक खिडकीवर मूळ पावती देऊन सही करून घ्यावं लागलं असतं, आणि ठरलेल्या वेळेत नेलं नाही तर जागेचं भाडं चढत जातं.