झोळीच्या दोरीला टांगलेला आवाज

मे महिन्यात परभणीला पुतणीकडे गेलो होतो. बाळंतपणाला माहेरी आलेली, लेकरू अडीच महिन्यांचं. मधल्या खोलीत आढ्याला साडीची झोळी, आणि झोळीच्या दोरीला बाळाच्या डोक्यापासून जेमतेम एका फुटावर मुठीएवढं एक यंत्र बांधलेलं. त्यातून अखंड शूंऽऽ असा आवाज येत होता. "काका, याच्याशिवाय तो झोपतच नाही बघा. सवय लागंल का हो त्याला?" तिने विचारलं. मला सवयीपेक्षा तो एक फूट जास्त खटकला.

अशा यंत्रातल्या आवाजाला व्हाइट नॉइज म्हणतात. त्यात जाड-बारीक सगळे स्वर एकाच वेळी, साधारण सारख्या ताकदीने मिसळलेले असतात. भांडं पडलं, कडी वाजली, की शांत खोलीत तो आवाज एकदम उसळून वर येतो आणि बाळ दचकतं. खोलीत आधीच सलग आवाज असेल तर ती उसळी बुजते. बाळं याने झोपतात हे खरं आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात असा आवाज ऐकवलेल्या 20 नवजात बाळांपैकी 16 जण पाच मिनिटांत झोपले, न ऐकवलेल्या 20 पैकी फक्त 5. यंत्राच्या खोक्यावरचा 'मेंदूची वाढ होते' हा दावा मात्र निव्वळ विक्रीसाठी आहे. उंदरांच्या पिल्लांना सतत अशा आवाजात वाढवल्यावर मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाची घडण उलट लांबली, असं 2003 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं. आवाज थांबल्यावर ती पुढे सुरू झाली, आणि उंदीर म्हणजे लेकरू नव्हे. पण 'फायदाच होतो' म्हणणाऱ्यांकडे यावर उत्तर नाही.

आता तो एक फूट. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि हे माप साध्या बेरजेचं नाही. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, 20 वाढले की शंभरपट. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप असतं. त्याचा आकडा काही डेसिबलने चुकू शकतो, पण त्याच फोनवर दोन ठिकाणी मोजून फरक काढला तर तो बराच भरवशाचा असतो. कूलर बंद केला, बाळाला आजीकडे दिलं आणि फोन झोळीत उशाशी ठेवला. आकडा आला 74. रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षासाठी 50 डेसिबलची मर्यादा धरली जाते. म्हणजे हा आवाज 24 ने जास्त, ऊर्जेच्या हिशेबात अडीचशेपट.

टोरोंटोच्या संशोधकांनी 2014 मध्ये अशी 14 यंत्रं पूर्ण आवाजावर लावून तपासली होती. एका फुटावर सगळीच 50 च्या वर गेली, तिघांनी तर 85 ओलांडले. कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठीसुद्धा अनेक देशांत आठ तासांची मर्यादा तेवढीच मानतात. दोन मीटरवर एक सोडून बाकी सगळी तरीही 50 च्या वरच होती. नुसतं लांब ठेवून का भागत नाही, ते मला परभणीच्या त्या खोलीतच दाखवता आलं.

मोकळ्या मैदानात ध्वनी फुग्यासारखा चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झालं की तीच ऊर्जा चौपट पृष्ठभागावर वाटली जाते, म्हणून आवाज 6 डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने एका फुटावर 74, दोन फुटांवर 68, चार फुटांवर 62, आठ फुटांवर 56. यंत्र आठ फुटांवरच्या कोनाड्यात ठेवून मी पुन्हा मोजलं, तर 62! सहा डेसिबल कुठून आले? भिंतींतून. खाली शहाबादी फरशी, चारही बाजूंना गिलावा, वर स्लॅब. या पृष्ठभागांवरून ध्वनी पुन्हापुन्हा परततो आणि खोलीभर जवळपास सारखा भरून राहतो. उगमाजवळ थेट येणारा आवाज जोरदार असतो, म्हणून तिथे अंतराचा नियम चालतो. पुढे एका टप्प्यावर थेट आवाज आणि परतलेला आवाज सारखे होतात, आणि त्यापलीकडे कितीही मागे सरका, आकडा फारसा हलत नाही. रिकाम्या खोलीत हा टप्पा दोन-तीन फुटांवरच येऊ शकतो. गोधड्या, गाद्या, कपड्यांची दांडी असलेल्या खोलीत ध्वनी शोषला जातो आणि तो टप्पा लांबतो. म्हणून यंत्र किमान दोन मीटर, म्हणजे साडेसहा-सात फूट दूर हवंच. पण उरलेलं काम बटणानेच करावं लागतं. आम्ही आवाज कमी करत नेला, तेव्हा उशाशी 49 दिसले. मोजायला फोन नसेल तर झोळीपाशी उभं राहून हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलावं. आवाज चढवावा लागला तर यंत्र फारच मोठं लावलंय; नाही लागला तरी ते 50 च्या आत आहे असं मात्र ठरत नाही.

मग ते 74 वर गेलं कसं? पुतणीने कूलर सुरू केला आणि मला कळलं. कूलरचाच आवाज 58. त्यावर यंत्र ऐकू येत नाही म्हणून ती बटण वाढवत गेली होती. कूलरची घरघरही सलगच, काम तेच करते. कूलर चालू असताना यंत्राची गरजच नव्हती. त्याचा वेग एकने कमी केला आणि झोळी खिडकीपासून आत सरकवली. रात्री गल्लीतून मोटारसायकल गेली की बाळ हलायचं, पण पाच सेकंदांचा तो आवाज झाकायला रात्रभर तेवढ्याच जोराचा आवाज लावणं हा उलटा व्यवहार झाला असता.

राहिला सवयीचा प्रश्न. दारू-तंबाखूसारखं व्यसन इथे नसतं. तान्ह्या बाळाच्या झोपेची एक फेरी साधारण तासाभराची असते. फेरी संपताना ते अर्धवट जागं होतं. डोळा लागताना जे भोवती होतं तेच अजून असेल तर पुन्हा झोपतं, काही बदललं असेल तर पूर्ण उठतं. आईची कूस, झोळीचा हेलकावा, कूलरचा आवाज, सगळ्यांचं हेच. म्हणून अर्ध्या तासाने एकदम बंद होणारा टायमर बऱ्याचदा उलटतो. त्यापेक्षा बाळ चार-पाच महिन्यांचं झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी बटण थोडं-थोडं उतरवत शून्यावर न्यावं. आणि बाळ जागं असताना यंत्र बंदच हवं. गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं बाळांना मोठ्यांपेक्षा कितीतरी अवघड जातं, आणि घरातलं बोलणं ऐकूनच भाषा येते.

संध्याकाळी रडतं म्हणून आजीने मीठ-मोहरी ओवाळली होती, दृष्ट काढली होती. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. त्या काळात जे काही कराल त्याला गुण आल्यासारखा वाटतो, मग ती मोहरी असो वा दीड हजाराचं यंत्र.

रात्री दोनला लाईट गेली. कूलर थांबला, खोली एकदम शांत, आणि बाळ उठलं. पुतणीने कोनाड्यातलं बॅटरीवरचं यंत्र हळू आवाजात लावलं, तरी रडणं थांबेना. झोळीत हात घातला तर पाठ घामाने चिंब. यंत्र बंद केलं, कापड बदललं, दाराशी घेऊन वारा घातला, तेव्हा बाळ यंत्राशिवायच झोपलं.