तारीख बदलायची की तिकीट मोडायचं? रेल्वेच्या एका जुन्या सवलतीची पार्श्वभूमी

गणपतीसाठी कोकणकन्येचं तिकीट हातात असतं, ते कन्फर्मही असतं, आणि मग ऑफिसातून निरोप येतो की रजा एक दिवस पुढे ढकला. मुंबईतल्या चाकरमान्याला हा प्रसंग नवा नाही. त्याला हवं असतं ते फारच थोडं: गाडी तीच, डबा तोच, माणसं तीच, फक्त तारीख उद्याची. पण मोबाइलवर काढलेल्या तिकिटावर वर्षानुवर्षं ही सोय नव्हती. ते तिकीट रद्द करायचं, कापलेले पैसे सोसायचे आणि नवीन तिकिटासाठी पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं, एवढीच वाट उरायची. गंमत अशी की खिडकीवर काढलेल्या कागदी तिकिटाला ही सोय होती. एकाच गाडीत, शेजारशेजारच्या बर्थवर बसणाऱ्या दोघांना दोन वेगळे नियम कसे लागू झाले, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

संगणक येण्याआधी आरक्षण म्हणजे जाड रजिस्टर होतं. प्रत्येक गाडीचं आणि तारखेचं पान वेगळं, आणि त्यावर ओळीने नावं. तारीख बदलायची म्हणजे एका पानावरचं नाव खोडायचं आणि दुसऱ्या पानावर जागा असेल तर तिथे लिहायचं. प्रवाशाच्या हातातलं तिकीट हे भाडं भरल्याचा पुरावा आणि आरक्षण ही त्यावर चढवलेली वेगळी गोष्ट, असा तो हिशोब होता. म्हणून तारीख हलवताना भाडं परत करून पुन्हा घेण्याचा प्रश्नच येत नसे. 1980 च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं आणि पुढे देशभर पसरलं, तरी हा विचार टिकून राहिला. फॉर्म भरा, जुनं तिकीट खिडकीत सरकवा, नवं घ्या.

नियमातही तो तसाच उतरला. खिडकीवरचं आरक्षित तिकीट एकदाच, आणि फक्त एकदाच, पुढच्या किंवा आधीच्या तारखेला नेता येतं. वर्ग तोच किंवा वरचा, जायचं ठिकाण तेच किंवा त्याच्या पुढचं. त्यासाठी नव्याने आरक्षण शुल्क भरायचं आणि भाड्यात फरक असेल तर तोही. कन्फर्म तिकीट मात्र गाडी सुटण्याच्या निदान 48 तास आधी, आरक्षण कार्यालय उघडं असताना, हातोहात परत द्यावं लागतं. या शेवटच्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते. शुक्रवारच्या गाडीसाठी 48 तासांची मुदत कागदावर बुधवारी रात्री अकरापर्यंत असते, पण तुमच्या जवळच्या कार्यालयाची खिडकी संध्याकाळी बंद होत असेल तर खरी मुदत तिथेच संपली. तत्काळच्या तिकिटाला ही सवलत नाहीच.

ऑगस्ट 2002 मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली, तेव्हाही छापील तिकीट कुरिअरने घरी येत असे. म्हणजे परत द्यायला कागद होता. 2005 मध्ये ई-तिकीट आलं आणि कागद गेला. माझ्या मते घोळ इथे झाला. नियमाची भाषा ‘तिकीट परत दिल्यावर’ अशी होती आणि परत देण्यासारखं काही उरलंच नाही. ई-तिकीट रद्द करायची सोय पडद्यावर दिली गेली, तारीख बदलण्याची नाही. तांत्रिक अडचण म्हणावी तर आसन एका तारखेवरून सोडून दुसऱ्या तारखेला देणं हे काम खिडकीमागचा संगणक रोज करत होता.

ही उणीव सुरुवातीला फार टोचली नाही, कारण तिकीट मोडणं तेव्हा आजच्याइतकं महाग नव्हतं. 2013 पूर्वी गाडी सुटायच्या 24 तास आधीपर्यंत फक्त ठरावीक किरकोळ रक्कम कापली जाई. गाडी निघून गेल्यावरही, अंतरानुसार काही तास, अर्धे पैसे मिळत. स्टेशनवर धावत पोचून गाडीचा शेवटचा डबा पाहिलेल्या माणसाला ती मोठी सोय होती. जुलै 2013 मध्ये 24 ची मर्यादा 48 तासांवर गेली. 12 नोव्हेंबर 2015 पासून ठरावीक रक्कमही दुप्पट झाली: स्लीपरला प्रत्येकी 60 चे 120 रुपये, थ्री एसीला 90 चे 180. गाडी सुटायच्या 48 ते 12 तास आधी रद्द केलं तर पाव भाडं कापलं जाऊ लागलं, 12 ते 4 तास आधी निम्मं, आणि त्यानंतर कन्फर्म तिकिटाचं काहीच परत मिळेनासं झालं. गाडी सुटल्यावर मिळणारे अर्धे पैसेही तिथेच संपले. एसी वर्गात कापलेल्या रकमेवर जीएसटी वेगळा. पुढेही रेल्वे असे टप्पे हलवत राहते, म्हणून पैसे मोजायच्या आधी चालू दर पाहावेत. खालचा हिशोब 2015 च्या दरांचा आहे.

चार माणसांचं कुटुंब कोकणात निघालंय आणि स्लीपरचं भाडं सोयीसाठी माणशी 400 रुपये धरू, म्हणजे एकूण 1,600. आठवडाभर आधी तारीख पुढे न्यायची ठरली. खिडकीचं तिकीट असेल तर स्लीपरचं आरक्षण शुल्क माणशी 20 रुपये, म्हणजे 80 रुपयांत काम होतं. ई-तिकीट असेल तर माणशी 120, एकूण 480 रुपये गेले. वर पहिल्या वेळी भरलेलं सुविधा शुल्क परत मिळत नाही आणि नव्या तिकिटाला ते पुन्हा लागतं. एवढ्याशा बदलासाठी एका माणसाच्या तिकिटाहून जास्त रक्कम वाया.

आता एक बारकावा. पाव भाडं म्हणजे इथे 100 रुपये, पण कापायची किमान रक्कम 120 आहे. म्हणून हेच तिकीट आठवडाभर आधी मोडा की सुटायच्या तेरा तास आधी, जातात ते 120 च. स्वस्त तिकिटाला 48 तासांच्या मर्यादेचा काहीच अर्थ नाही. त्याची खरी कडा 12 तासांवर आहे, कारण तिथून 200 जातात. उलट दोन हजारांच्या थ्री एसी तिकिटाला 48 तासांच्या आत आलात तर जीएसटी सोडून 180 ऐवजी 500 जातात. घाई कोणत्या वेळेची करायची हे तिकिटाच्या किमतीवर ठरतं, आणि हे मला तरी दोनदा पैसे घालवल्यावर समजलं.

पैशांपेक्षा मोठा धोका जागेचा. तुम्ही सोडलेला बर्थ तुमच्या नव्या तारखेच्या कामाला येत नाही. तो त्या दिवसाच्या प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जातो. आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात. तुमच्या तारखेचा कोटा ज्या सकाळी संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा कोटा पुढच्या सकाळी संपला. महिन्याभराने रजा बदलली तर दोन्ही तारखांना मोठी वेटिंग किंवा थेट ‘रिग्रेट’, म्हणजे वेटिंगचं तिकीटही मिळणं बंद. अशा वेळी खिडकीवरही क्लार्क तारीख बदलून देतो ती वेटिंगवर. ऐंशी रुपयांत तुम्ही कन्फर्म बर्थ देऊन वेटिंग विकत घेतलेली असते आणि एकदा बदलल्यावर मागे फिरता येत नाही. खिडकीसमोर फॉर्म सरकवण्याआधी नव्या तारखेची स्थिती विचारा, हा एकच सल्ला द्यावासा वाटतो. मागची रांग कुरकुर करेल, करू द्या.

ई-तिकीटवाल्याला निदान क्रम हातात असतो. बहुतेक जण आधी जुनं मोडतात, पैसे परत आले की नवं काढू म्हणतात, आणि तेवढ्यात होत्या तेवढ्या जागाही जातात. परतावा खात्यात यायला काही दिवस लागतात. आधी नवीन तारखेचं काढायचं, ते कन्फर्म दिसलं की मग जुनं मोडायचं. थोडे दिवस दुप्पट पैसे अडकतात, पण हातचा बर्थ जात नाही. नवं वेटिंगवर आलं तर जुनं मोडायला घाई नको. चार्ट लागेपर्यंत वेटिंगच राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि थोडं शुल्क वजा करून पैसे परत येतात. फक्त दोन तारखांच्या मध्ये थांबायला वेळ असेल तरच हा खेळ चालतो. तारीख पुढे ढकलत असाल तर जुन्या गाडीचं घड्याळ आधी संपतं, नव्याचा निकाल नंतर लागतो.

त्या घड्याळातही अलीकडे फरक पडलाय. पूर्वी पहिला चार्ट साधारण चार तास आधी लागे. जुलै 2025 पासून रेल्वेने तो निदान आठ तास आधी लावायला घेतला. वेटिंगवाल्याला लवकर कळतं हे चांगलंच झालं. पण चार्ट लागल्यावर ई-तिकीट नेहमीच्या बटणाने रद्द होत नाही, टीडीआर नावाचा परताव्याचा अर्ज भरून कारण द्यावं लागतं. त्यामुळे ‘चार तासांपर्यंत निम्मे मिळतात’ असं डोक्यात धरून बसलेल्याला चार्ट आधीच लागलेला सापडतो. राजधानी, शताब्दी आणि दुरांतोत आणखी एक खर्च येतो. सप्टेंबर 2016 पासून त्यांत जागा भरतील तसं मूळ भाडं चढतं, सुरुवातीला दीडपटीपर्यंत, 2019 पासून 1.4 पटीपर्यंत. मोडून पुन्हा काढणारा नेहमीच महागड्या टोकाला येऊन पडतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर केलं की कन्फर्म ई-तिकिटाची तारीख रद्द न करता ऑनलाइन बदलता यावी अशी सोय जानेवारी 2026 पासून करण्याचा विचार आहे. चालू पद्धत प्रवाशांवर अन्याय करणारी आहे, असंही ते म्हणाले. त्याच घोषणेत दोन अटी होत्या: नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फरक भरायचा, आणि नव्या तारखेला कन्फर्म जागा मिळेलच याची हमी नाही. म्हणजे खिडकीवरच्या कागदाला वर्षानुवर्षं असलेली सोय मोबाइलवर आली, तर तिच्यातला वेटिंगचा धोकाही तिच्यासोबतच येणार. गणपतीच्या आदल्या आठवड्यात हे बटण दाबायच्या आधी ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये त्या तारखेची उपलब्धता उघडी ठेवलेली बरी.