फरक २,७०० : एका बँककथेची पार्श्वभूमी

कथा फार मोठी नाही. यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यातल्या एका खेड्यातली बँकेची शाखा, डिसेंबरची संध्याकाळ. बचत खात्यांची बाकी जुळवायला बसलेल्या कारकुनाला २,७०० रुपयांचा फरक लागतो. तो आकडा नऊने भागून पाहतो, निःशेष भाग जातो आणि रात्री उशिरा एका पानावर ५,८१४ च्या जागी ८,५१४ लिहिलेले त्याला सापडतात. फरक नऊने भागला गेला की अंकांची अदलाबदल झालेली असते, एवढंच कथेतून बहुतेकांच्या लक्षात राहिलं. बँकेत काम केलेल्यांनी मात्र भलत्याच मुद्द्यावर वाद घातला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तो कळायला त्या काळातली बाकी कशी जुळवत, हे आधी पाहावं लागतं.

कथेत साल दिलेलं नाही, पण काळ ओळखता येतो. शेतकऱ्यांच्या खात्यांत संकलन केंद्राच्या चुकाऱ्याचे चेक जमा होतायत, म्हणजे एकाधिकार कापूस खरेदी सुरू झालेली आहे. ती १९७२ ची गोष्ट. शाखेत यंत्र म्हणून फक्त बेरजेचं हातमशीन आहे, म्हणजे बहुधा ऐंशीच्या दशकाची अखेर अजून आलेली नाही. १९६९ च्या जुलैत चौदा बँका सरकारच्या झाल्या आणि त्यानंतर खेड्यांत शाखा निघाल्या. आधी सावकाराच्या कीर्द-खतावणीत ज्यांची नावं होती, त्यांना पासबुकं मिळाली. खाती भराभर वाढली, लिहिणारे हात त्या मानाने कमीच पडले. कथेतल्या शाखेत १,४०० खाती आहेत आणि कारकून दोन.

रोजचा हिशेब दोन वाटांनी चाले. व्हाउचरवरून कारकून त्या त्या खात्याच्या पानावर लेजरमध्ये नोंद करी. त्याच व्हाउचरांची दिवसाची एकत्र बेरीज दुसऱ्या हाताने डे-बुकात आणि तिथून शाखेच्या एकूण बेरजांच्या वहीला, म्हणजे जनरल लेजरला जाई. पानावर चुकीचा आकडा पडला, तरी दिवस जुळायचाच आणि रोकडही जुळायची, कारण जनरल लेजरची बेरीज त्या पानावरून होतच नव्हती. चूक उघडी पडायची ती बॅलन्सिंगच्या दिवशी. सगळ्या खात्यांच्या बाक्या एका बुकात उतरवून त्यांची बेरीज जनरल लेजरमधल्या एका आकड्याशी ताडून पाहत. कथेत ही बेरीज २,७०० ने जास्त भरते.

आता वादाचा मुद्दा. हेडक्लार्क कथेत म्हणतो, “आधी दोनाने भाग, मग नऊने.” हा सल्ला खरा आहे आणि कुठल्याही शाखेत तो ऐकायला मिळायचा. २,७०० चे निम्मे १,३५०. कुणी १,३५० काढले आणि कारकुनाने ते जमेच्या बाजूला लिहिले, तर बरोबर २,७०० जास्त दिसतात. कुणी २,७०० काढले आणि ती नोंद पानावर करायचीच राहिली, तरीही तेवढाच फरक. ३०० रुपये भरले आणि एक शून्य जास्त पडून ३,००० झाले, तरीही २,७००. यातल्या शेवटच्या चुकीतही फरक नऊने भागला जातो, कारण दसपट झालेल्या आकड्यातून मूळ आकडा वजा केला की नऊपट उरते. शिवाय कसाही फरक घेतला, तरी दर नवांतला एक सहज नऊने भागला जाणारच. म्हणून नऊचा भाग गेला हा अदलाबदलीचा पुरावा होत नाही, कुठे शोधायला लागावं याचा अंदाज त्यातून मिळतो एवढंच. कारकून बाकी तीन शक्यता बाजूला सारून थेट अदलाबदलीकडे जातो. टीकाकारांच्या मते हा नशिबाचा खेळ आहे आणि लेखकाने त्याला हुशारीचं नाव दिलंय.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. कारकून बॅलन्सिंग बुकातल्या आकड्यांवरून बोट फिरवत जातो आणि शेजारचे दोन अंक हेरतो. पण नोंद करताना अंक उलटले असतील, तर ते बाकीत दिसणारच नाहीत. समजा खात्यात आधी ३१२ रुपये होते. ५,८१४ चा चुकारा ८,५१४ असा चढला, तर बाकी होईल ८,८२६, खरी हवी ६,१२६. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, एकाचे अंक उलटून दुसरा होत नाही. अशी चूक शोधायची तर बॅलन्सिंग बुक मिटवून, मागची बाकी जुळली त्या तारखेपासूनची व्हाउचरं काढावी लागतात. या आक्षेपावरून अनेकांनी कथा तांत्रिकदृष्ट्या चुकीची ठरवली.

मला ते पटत नाही. कथेच्या पहिल्या पानावर एक वाक्य आहे, ते बहुतेक सगळ्यांनी सोडून दिलं. महिन्याभरात जुनं लेजर भरलं आणि खाती नव्या लेजरात नेली, असं तिथे म्हटलंय. हे काम दोघे मिळून करत. एक जण जुन्या पानावरची शेवटची बाकी मोठ्याने वाची, दुसरा ती नव्या पानाच्या पहिल्या ओळीवर लिही. या ‘पुढे नेलेल्या’ बाकीत अंक उलटले आणि त्यानंतर खात्यात व्यवहारच झाला नाही, तर उलटलेला आकडा जसाच्या तसा बॅलन्सिंग बुकात येतो. चुकाऱ्याचे पैसे जमा झालेत आणि गडी पुढच्या खरेदीपर्यंत बँकेत फिरकलेला नाही, यात अशक्य काहीच नाही. अशा पानावर बाकीवरून बोट फिरवणं हीच योग्य पद्धत आहे. मागच्या महिन्याची बाकी जुळली होती, म्हणजे चूक त्यानंतरची. त्यानंतर शाखेत घडलेली सर्वांत मोठी हलवाहलव म्हणजे नवं लेजर. कारकून तिथून सुरुवात करतो, त्याला नशीब कसं म्हणायचं?

चूक कशी झाली असेल, याचाही अंदाज बांधता येतो. वाचणारा म्हणतो, “अठ्ठावनशे चौदा.” यात आठ आधी ऐकू येतो, पन्नास मागून. दिवसभर लिहून थकलेला हात आठ आधी लिहून मोकळा होतो. मराठीत आकडे बोलून लिहिणाऱ्या प्रत्येक कचेरीत ही चूक होत असे. म्हणूनच काही जुने लोक “पाच, आठ, एक, चार” असा एकेक अंक सुटा वाचायचा आग्रह धरत.

शोध किती आवळता येतो, तेही पाहू. शेजारचे दोन अंक उलटले तर फरक त्या अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट येतो, पुढे जागेप्रमाणे शून्यं लागतात. २,७०० म्हणजे नऊ गुणिले तीन, पुढे दोन शून्यं. म्हणजे गडबड शतक आणि हजाराच्या जागेवर आहे आणि त्या दोन अंकांत तीनचं अंतर आहे. बेरीज जास्त भरलीय, तेव्हा लिहिलेल्या आकड्यात हजाराचा अंक शतकापेक्षा तीनने मोठा असणार : ३०, ४१, ५२, ६३, ७४, ८५, ९६. शंभर जोड्यांतल्या या सात. नव्या लेजरात ४०० खाती गेली असतील, तर अशी पानं फार तर २८ च्या आसपास. त्या भागात निम्म्याहून अधिक बाक्या हजाराच्या आतल्या, त्या तर आपोआपच गळतात. तेवढी पानं जुन्या लेजराशी ताडायची, की काम झालं. हे न करता १,४०० बाक्या पुन्हा वाचून टिक करत बसलं, तर दोघांची दोन दिवसांची मजुरी. शाखेने प्रत्येक लेजरची बेरीज वेगळी ठेवली असती, तर नऊची गरजही पडली नसती आणि चूक कोणत्या लेजरात आहे हे लगेच कळलं असतं. पण दोन कारकुनांच्या शाखेत ते कोण ठेवणार?

दुरुस्ती कथेत एका ओळीत उरकली आहे आणि ती बरोबर आहे. चुकीच्या आकड्यावर लाल शाईची रेघ, वर खरा आकडा, बाजूला अधिकाऱ्याची सही. व्हाउचर लागत नाही, कारण जनरल लेजर मुळात बरोबरच होतं. कथेत राहून गेलं ते पासबुक. नव्या लेजरावरून पासबुक भरलं गेलं असतं, तर खातेदाराच्या हातात २,७०० जास्तीचे लेखी आले असते. त्याने ते मागितले असते, तर चूक बँकेची असूनही भांडण त्याच्याशीच झालं असतं. सहामाही व्याज लागण्याआधी बॅलन्सिंग पुरं करायची घाई असे तीही यासाठीच. नाहीतर नसलेल्या रकमेवर व्याजही चढायचं.

नऊचा हिशेब याहून कितीतरी जुना. नऊ टाकून बेरीज-गुणाकार तपासायची रीत भारतीय गणितात दहाव्या शतकाच्या सुमारास दिसते. १४९४ साली इटलीत छापलेल्या, दुहेरी नोंदीचं पहिलं मोठं वर्णन असलेल्या पुस्तकातही ती आहे. आपल्याकडच्या वह्यांत मात्र तिला एक अडचण होती. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया होत्या. आणे आणि पया यांची अदलाबदल झाली, ७ आणे ३ पयांचे ३ आणे ७ पया झाले, तर फरक ४४ पयांचा येतो. तो अकराने भागला जातो, नऊने नाही. नऊचं गणित फक्त रुपयांच्या रकान्यात चाले. दशमान पैसे आले आणि मगच पूर्ण रकमेला ते लागू झालं. कथेतला हेडक्लार्क पन्नाशीचा धरला, तर त्याने दोन्ही तऱ्हेच्या वह्या लिहिलेल्या असणार.

ऐंशीच्या दशकात कर्मचारी संघटनांशी करार होऊन शाखांत लेजर-पोस्टिंग यंत्रं येऊ लागली, तीही आधी शहरांत आणि मोठ्या शाखांत. विदर्भातल्या लहान शाखा बऱ्याच काळ हातावरच चालल्या. पुढे कोअर बँकिंग आलं आणि कथेतला फरकच नाहीसा झाला. आता एकच नोंद खात्यालाही लागते आणि जनरल लेजरलाही. कुणी ५,८१४ च्या जागी ८,५१४ टाइप केले, तर दोन्हीकडे चुकीचाच आकडा जातो आणि बाकी मात्र जुळते. रोखीचा व्यवहार असेल तर संध्याकाळी कॅशियरच्या पेटीत २,७०० कमी भरतात आणि तिथेही नऊचा भाग उपयोगी पडतो. ट्रान्सफर असेल, तर नोंद मंजूर करणाऱ्या दुसऱ्या माणसाने व्हाउचर खरोखर पाहिलं की नुसतं बटण दाबलं, यावर सगळं येऊन ठेपतं.

क्रमांकांच्या बाबतीत बंदोबस्त झालाय. बँक कार्डाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. शेजारचे दोन अंक उलटले तर यंत्र क्रमांक नाकारतं, अपवाद फक्त ० आणि ९ च्या जोडीचा. आधारच्या बारा अंकांत वापरलेली रीत तोही अपवाद ठेवत नाही. रकमेला असा तपासणीचा अंक जोडता येत नाही, कारण भरायची रक्कम खातेदार ठरवतो, बँक नाही.