संपादन-अंतर

एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती बदल लागतात, ती संख्या म्हणजे संपादन-अंतर. बदल तीन प्रकारचे: चिन्ह घालणे, काढणे, बदलणे. ही कल्पना व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली. टंकलेला शब्द कोशात सापडला नाही, की कमी अंतराचे शब्द पर्याय म्हणून सुचवले जातात.

विदर्भातल्या एखाद्या बाजार समितीच्या आवक नोंदीत ‘कापूस’ऐवजी ‘कपुस’ पडले असे समजा. संगणक मात्रा वेगळी मोजतो, म्हणून ‘कापूस’मध्ये पाच चिन्हे आणि ‘कपुस’मध्ये चार. चुकीचा शब्द उभा, बरोबर शब्द आडवा मांडतात. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ रिकाम्या शब्दाचा. तिथे 0, 1, 2 असे चढते आकडे येतात.

| | – | क | ा | प | ू | स |
|---|---|---|---|---|---|---|
| – | 0 | 1 | 2 | 3 | 4 | 5 |
| क | 1 | 0 | 1 | 2 | 3 | 4 |
| प | 2 | 1 | 1 | 1 | 2 | 3 |
| ु | 3 | 2 | 2 | 2 | 2 | 3 |
| स | 4 | 3 | 3 | 3 | 3 | 2 |

बाकीचे घर तीन शेजाऱ्यांवरून भरते. वरच्यात 1 मिळवा, डावीकडच्यात 1 मिळवा. वर-डावीकडच्या तिरप्या घरात, भरायच्या घराच्या ओळीचे आणि स्तंभाचे चिन्ह वेगळे असेल तर 1 मिळवा, सारखे असेल तर काहीच नको. तिन्हींतला लहान आकडा लिहा. ‘ु’ आणि ‘ू’ यांच्या घरात वरून 3, डावीकडून 3, तिरपे 1+1 म्हणजे 2 येतात; म्हणून 2. शेवटच्या घरातला 2 हे उत्तर: काना घालायचा, उकार दीर्घ करायचा. हे बदल कोणते, ते शेवटच्या घरापासून उलटे चालत गेले की कळते.

सगळे बदल सारखेच मोजले तर मराठीत पर्याय बरोबरीत अडकतात. ‘तुर’पासून ‘तूर’ 1 अंतरावर आणि ‘तुरा’ही 1 अंतरावर. तुरीच्या नोंदीत पहिलाच हवा, हे तक्त्याला माहीत नसते. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाच्या अदलाबदलीला 0.5 किंमत द्यावी. मग ‘तूर’ वर येतो. वऱ्हाडी बोलीत ‘केळी’चे ‘केयी’ होते, तेव्हा बोलीतला मजकूर तपासताना ‘ळ’ आणि ‘य’ यांच्या बदलालाही तशीच सवलत रास्त आहे.

आणखी एक चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्यांना’मधला ‘ऱ’ कधी एकच चिन्ह म्हणून साठवलेला असतो, कधी ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत. पडद्यावर शब्द एकसारखाच, पण अंतर 2 निघते. सुचवलेला शब्द टंकलेल्यासारखाच दिसला, तर हीच शंका आधी घ्यावी. तक्ता मांडण्यापूर्वी दोन्ही शब्द युनिकोडच्या NFC रूपात, म्हणजे ‘र’ आणि नुक्ता जोडून एकच ‘ऱ’ ठेवणाऱ्या ठरावीक रूपात आणले, की हा फरक जातो.

पूर्ण कोशातल्या प्रत्येक शब्दासाठी तक्ता भरायची गरज नसते. अंतर निदान लांबीतल्या फरकाइतके असतेच, त्यामुळे 2 पर्यंतचेच पर्याय हवे असतील, तर लांबीत 2 पेक्षा जास्त फरक असलेले शब्द आधीच वगळता येतात. मात्र उकाराला 0.5 धरले तरी घालण्या-काढण्याची किंमत 1 ठेवावी लागते, नाहीतर हा हिशेब चुकतो.