जुनी ओवी, आजची बोली: ‘नरोटी’चा वाद आणि पसायदान

ज्ञानेश्वरी सोप्या मराठीत आणण्याची गोष्ट निघाली की कोणीतरी एकनाथांची एक ओवी पुढे करतो आणि चर्चा तिथेच अडते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी पाच ओव्या जोडल्या. त्यांतली ही एक:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे ते होईल, असे नाथ म्हणतात. ज्ञानेश्वरीवर नव्याने ओवी रचणे हाच अपराध, असा या ओवीचा अर्थ वारकऱ्यांच्या काही फडांवर आणि काही अभ्यासकांतही अजून लावला जातो. गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी ज्ञानेश्वरी आजच्या भाषेत ओवीबद्ध किंवा अभंगबद्ध केली, त्यांना हा प्रश्न विचारला गेला. अनेकांनी प्रस्तावनेतच त्याचे उत्तर देऊन ठेवले.

सगळा गुंता ‘पाठीं’ या एका शब्दात आहे. तो ‘पाठीमागे, नंतर’ असा घेतला तर ज्ञानेश्वरीनंतर कोणी तसली रचना करूच नये, असा अर्थ निघतो. ‘पाठ’ म्हणजे संहिता, तिची सप्तमी ‘पाठीं’, असे घेतले तर ज्ञानेश्वरीच्या मूळ पाठात कोणी आपली ओवी घुसडू नये, एवढेच नाथ सांगतात. निर्णय आधीच्या ओवीवरून होतो. तिथे नाथ म्हणतात, ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण पाठभेदांमुळे त्यात भलतेसलते शिरले. बोलणे पाठभेदांचे चालले आहे, म्हणून पुढच्या ओवीतला ‘पाठ’ही तोच. शिवाय स्वतः नाथांनी भागवताचा एकादश स्कंध आपल्या काळच्या मराठीत ओवीबद्ध केला होता. जुने पवित्र वचन चालू बोलीत आणायला त्यांचा विरोध असता, तर तो ग्रंथ झालाच नसता. मला दुसरा अर्थच बरोबर वाटतो. नरोटी म्हणजे मुळात मिसळलेली भर. मुळाशेजारी वेगळ्या वाटीत ठेवलेला अर्थ नरोटी होत नाही.

भाषेत बदल तर कोणी न ठरवताच होत आला होता. पोथी उतरवून घेणाऱ्याला न कळलेला शब्द तो कळणाऱ्या शब्दाने बदलतो आणि पोथी हळूहळू नवी होत जाते. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली गेली आणि हे सरकणे बरेचसे थांबले. १९०९ मध्ये नाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापून आली. तिच्यातली रूपे वारकऱ्यांच्या तोंडी असलेल्या पोथीहून जुनी होती. त्या प्रतीच्या वयावरून पुष्कळ वाद झाले, तरी १९६० च्या शासकीय आवृत्तीने तीच संहिता धरली. पारायणात मात्र नाथांची परंपराच राहिली. त्यामुळे आज सोपे करायला बसणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो मूळ कोणते धरायचे हा.

विसाव्या शतकात ‘सार्थ’ आवृत्त्यांची रीत पक्की झाली: वर ओवी, खाली गद्य अर्थ. नाथांची अट या मांडणीत आपोआप पाळली जाते, कारण मूळ ओवी समोरच असते. पण तिचा एक तोटाही झाला. भक्तीची जबाबदारी वरच्या ओवीवर सोडून खालचे गद्य कोरडे होत गेले. ते गद्य वाचून अर्थ कळतो, पण हात जोडावेसे वाटत नाहीत. कोकणातल्या एका सत्पुरुषांनी सगळी ज्ञानेश्वरी सोप्या अभंगांत आणली ती ही उणीव भरून काढणारी आहे. ती म्हणता येते.

हे काम कुठे चुकते ते पसायदानाच्या एका ओवीवरून दिसते, कारण ती सगळ्यांना पाठ आहे:

जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो ।
भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥

पहिलाच ‘जे’ फसवतो. आजच्या कानाला तो ‘जे लोक’ वाटतो. इथे तो ‘ते असे की’ या अर्थाचा आहे आणि आधीच्या ओवीतल्या ‘पसायदान हें’शी जोडलेला आहे: हे दान द्यावे, ते असे की... ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणा. घाईने सोपे करणारे इथे ‘दुष्टांचा नाश होवो’ लिहून जातात आणि सगळी प्रार्थनाच उलटी होते. ज्ञानदेव दुष्टाला जिवंत ठेवून त्याचा वाकडेपणा तेवढा काढून मागतात, म्हणून तर पुढच्या चरणात त्याच दुष्टाला सत्कर्माची गोडी लागू शकते. ‘भूतां’ बदलावेच लागते, कारण आज भूत म्हटले की मुलांच्या मनात पिंपळावरचे येते. आणि ‘लाहो’ म्हणजे मिळो, हे ज्या ओवीत येते ती ‘जो जें वांछील’ची ओवी याच्या नंतरची आहे. वाकडेपणा गेल्यावरची इच्छा पुरवायला सांगितले आहे. ती ओळ एकटी उचलून अर्थ लिहिला की वाटेल ते मिळो असा भलताच आशीर्वाद तयार होतो.

आदर कुठे राहतो, याचे उत्तर मला क्रियापदांत सापडते. सांडो, वाढो, पडो, आणि पुढे जावो, पाहो, लाहो. हे ‘ओ’कारान्त रूप आजच्या मराठीतही जिवंत आहे, पण मुख्यतः आशीर्वादात आणि प्रार्थनेत: भलं होवो, उदंड आयुष्य लाभो. गद्यकार त्याच्या जागी ‘व्हावे’ लिहितात तेव्हा ते परिपत्रकासारखे वाटते, आणि ‘होऊ दे’ लिहितात तेव्हा हट्टासारखे. शब्द कितीही सोपे करावेत, पण हे रूप ठेवावे. मग ओवी अशी उतरते: दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो, त्यांना चांगल्या कामाची गोडी वाढत जावो, सगळ्या जिवांचे एकमेकांशी जिवाभावाचे मैत्र जडो. ओवीतले पहिल्या तीन चरणांचे यमक यात गेले आहे आणि अखेरचा आखूड चरणही गेला आहे. एवढे गमवावेच लागते.

एक नुकसान मात्र टाळता येण्याजोगे होते. १९६२ मध्ये लेखनाचे नियम ठरले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पोथीतले ‘जीवाचें’ शाळेच्या प्रार्थनेत ‘जीवाचे’ झाले. ‘जीवाचें’ हे नपुंसकलिंगी एकवचन होते, म्हणजे मैत्र म्हणजे मैत्री. ‘जीवाचे’ पाहून मुलांना ते अनेकवचन वाटते आणि मैत्र म्हणजे मित्र, असा अर्थ घरोघर पोचला आहे. ‘विश्व स्वधर्म सूर्यें पाहो’ मधले ‘सूर्यें’ म्हणजे सूर्याने, तेही टिंब गेल्यावर नुसते ‘सूर्ये’ उरते आणि तृतीया दिसेनाशी होते. लेखनाच्या नियमावलीतच केशवसुतांच्या आधीचे पद्य मुळाप्रमाणे छापावे, अशी तरतूद आहे. प्रार्थनेच्या वह्या छापणाऱ्यांनी ती पाळली असती तर या दोन ठिकाणी अर्थ सांगायची वेळच आली नसती.